उत्तरेच्या खिडकीतून मे महिन्यात आलेलं ऊन: एका बहुउद्देशीय क्रीडागृहाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली शिक्षण संस्था. शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात. संस्थेला एक बंदिस्त क्रीडागृह हवं होतं. बॅडमिंटनची चार मैदानं, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलचं प्रत्येकी एक आणि पावसाळ्यात कबड्डीसाठी मॅट टाकायची सोय, अशी मागणी होती. आतलं मोकळं माप ३६ मीटर लांब आणि २० मीटर रुंद. लांबी पूर्व-पश्चिम होती, कारण भूखंडावर दुसरीकडे वळवायला जागाच नव्हती. बांधकाम पीईबी पद्धतीचं, म्हणजे कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या पोलादी फ्रेम आणि वर पत्रा.

मला बोलावलं तेव्हा नकाशा मंजूर झाला होता आणि फ्रेमची ऑर्डर आठवड्याभरात जाणार होती. बोलावणारे होते शाळेचे क्रीडाशिक्षक. शेजारच्या तालुक्यातल्या अशाच एका शेडमध्ये ते मुलांना स्पर्धेला घेऊन गेले होते. “मॅडम, तिथं दुपारी बारा ते तीन खेळताच येत नाही,” ते म्हणाले. “छतातल्या पारदर्शक पत्र्यासमोर बॅडमिंटनचं फूल गेलं की दिसेनासं होतं. पोरं अंदाजानं रॅकेट फिरवतात.” आमच्या नकाशातही प्रत्येक दोन फ्रेमच्या मध्ये तसेच दोन-दोन पत्रे दाखवले होते.

अडचण

नकाशा उघडल्यावर तीन गोष्टी दिसल्या आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

पहिली उंचीची. नकाशावर ‘उंची ८ मी.’ एवढंच लिहिलं होतं. मी ठेकेदाराला विचारलं, ही उंची कुठून कुठपर्यंतची? उत्तर आलं, ईव्ह हाईट. म्हणजे खांबाच्या बेस प्लेटपासून भिंतीकडच्या बाजूला छताच्या काठापर्यंत. खेळाडूला या मापाचा काही उपयोग नसतो. त्याच्यासाठी उंची तयार फरशीपासून सुरू होते आणि वर जी पहिली वस्तू आडवी येईल तिथं संपते. त्यामुळे आम्ही कागदावर वजाबाकी मांडली. पत्र्याला खालून आधार देणाऱ्या आडव्या पोलादी पट्ट्यांचे, म्हणजे पर्लिनचे, २० सेंटिमीटर गेले. खांब आणि राफ्टर, म्हणजे फ्रेमची छताखालची तिरकी तुळई, जुळतात तिथं राफ्टर सर्वांत खोल असतो, त्याचे ८० गेले. लाकडी फ्लोअरिंग स्लॅबच्या वर बसणार होतं, त्याचे १२ गेले. दिवे राफ्टरच्या खाली टांगलेले दाखवले होते, त्यांचे आणखी ३५. आठ मीटरमधून उरले साडेसहा. छताला १:१० उतार होता, म्हणून मैदानाच्या कडेपर्यंत पोहोचेतो तीसेक सेंटिमीटर परत मिळाले. म्हणजे बॅडमिंटनच्या बाहेरच्या रेषेवर सुमारे ६.८ मीटर.

व्हॉलीबॉलच्या नियमात खेळाच्या जागेवर किमान ७ मीटर मोकळी उंची लागते, बास्केटबॉललाही तेवढीच. शाळा आणि क्लब पातळीवरच्या बॅडमिंटनसाठी इंग्लंडमध्ये चार मैदानांच्या क्रीडागृहाला साडेसात मीटर धरतात. अध्यक्षांना सुरुवातीला वाटलं की वीस-तीस सेंटिमीटरनं काय बिघडतं. पण बॅडमिंटनमध्ये मागच्या रेषेवरून मारलेला उंच क्लिअर हा बचावाचा मुख्य फटका. फूल राफ्टरला लागायला लागलं की मुलं नकळत फटका चपटा मारायला शिकतात. मग दुसऱ्या हॉलमध्ये खेळायला गेल्यावर त्यांचे क्लिअर आखूड पडतात.

दुसरी अडचण उजेडाची, जी सरांनी सांगितली होती. तिसरी नकाशात लपलेली होती आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटली. बॅडमिंटनची चारही मैदानं हॉलच्या रुंदीत, शेजारीशेजारी आखलेली होती, म्हणजे खेळाडू उत्तर-दक्षिण बघणार. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल लांबीत, म्हणजे ते खेळाडू पूर्व-पश्चिम बघणार. अशा हॉलमध्ये कुठलीच भिंत बाजूची राहत नाही. खिडकी कुठंही ठेवली तरी ती कुठल्या ना कुठल्या खेळाडूच्या थेट समोर येते. मागच्या रेषेवरच्या बॅडमिंटनपटूपासून समोरची भिंत साधारण १७ मीटरवर असते. त्या भिंतीत साडेसहा मीटर उंचीवर खिडकी असेल, तर नजर फक्त १५-१६ अंश वर गेली की ती दिसते. सपाट ड्राइव्ह सोडला तर जवळपास प्रत्येक फटक्याला नजर तिथं जाते.

विचारात घेतलेले पर्याय

आधी उंची. अध्यक्षांची इच्छा होती की एकदा बांधतोच आहोत तर आंतरराष्ट्रीय दर्जाचं बांधू. बॅडमिंटनच्या जागतिक पातळीवरच्या मोठ्या स्पर्धांना १२ मीटर मोकळी उंची लागते. पण तशा स्पर्धांना प्रेक्षागृह, सरावाचा वेगळा हॉल, वातानुकूलन असं बरंच काही लागतं आणि त्यातलं काहीच इथं होणार नव्हतं. नुसते खांब उंच करून तो दर्जा येत नाही, हे त्यांना पटलं.

मग प्रश्न उरला, किती वाढवायची? ईव्ह हाईट साडेनऊ मीटर केली आणि दिवे राफ्टरखाली न टांगता दोन फ्रेमच्या मधल्या पोकळीत, राफ्टरच्या तळाच्या वर बसवले, तर भिंतीशी ८.४ मीटर, मैदानाच्या कडेवर ८.६ आणि मध्यभागी नऊच्या पुढं मोकळी उंची मिळत होती. यातले ३५ सेंटिमीटर तर फक्त दिव्यांची जागा बदलून आले होते, एक पैसाही न घालता. दीड मीटर वाढीचा खर्चही वाटला होता तेवढा नव्हता, कारण छत आणि फरशी तशीच राहते. वाढतात ते खांब आणि भिंतीचा पत्रा: हॉलच्या ११२ मीटर परिघावर दीड मीटर, म्हणजे १६८ चौरस मीटर पत्रा. वाऱ्याचा जोर वाढतो म्हणून खांबांचा छेद आणि पाया पुन्हा तपासून घ्यावा लागला.

उजेडासाठी चार वाटा होत्या. छतातले पारदर्शक पत्रे सर्वांत स्वस्त, पण १८.५ अंश अक्षांशावर उन्हाळ्याचे कित्येक महिने दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पत्र्यातून उन्हाचे पट्टे थेट मैदानावर पडतात आणि वर बघणाऱ्याला तोच पत्रा झगमगताना दिसतो. दुधी पत्रा लावला की प्रश्न सुटतो, असं ठेकेदार ठामपणे सांगत होता. हा गैरसमज बराच पसरलेला आहे. दुधी पत्रा ऊन पसरवतो, पण त्याच्यावर ऊन पडलं की तो स्वतःच दिव्यासारखा उजळतो. पांढरं फूल त्याच्यासमोर गेलं की तितकंच हरवतं.

दुसरी वाट करवतीच्या दातांसारख्या छताची, उत्तरेकडं उभ्या काचा असलेली. गिरण्यांमध्ये हे छत आपण पाहिलेलं आहे. पण प्रत्येक दातापाशी पन्हळ येते आणि आमच्याकडच्या पावसात तिथूनच गळती सुरू होते. शिवाय त्या काचा खेळाडूच्या डोक्यावरच येतात. तिसरी वाट हॉल पूर्ण बंद ठेवून फक्त दिव्यांवर खेळायची. बॅडमिंटनच्या स्पर्धांसाठी हीच सर्वांत चांगली आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. पण इथं शाळेचे शारीरिक शिक्षणाचे तास दिवसा असतात आणि गावात दुपारी वीज जाते. वीज गेली की पन्नास मुलं काळोखात उभी राहणार, हे सरांना मान्य नव्हतं आणि त्यांचं बरोबर होतं. चौथी वाट म्हणजे उत्तरेच्या लांब भिंतीत उंचावर खिडक्यांची पट्टी.

पण चौथी वाट घ्यायची तर बॅडमिंटनपटू उत्तरेकडं बघत खेळून चालणार नव्हतं.

निर्णय: मैदानं फिरवली

इथं आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, खडूनं शाळेच्या पटांगणात मैदानं आखून. बॅडमिंटनचं मैदान १३.४० मीटर लांब आणि ६.१० रुंद. चारही मैदानं नव्वद अंशांत फिरवून दोन-दोनच्या दोन रांगा केल्या. लांबीत दोन मैदानांचे २६.८ मीटर होतात. उरलेल्या ९.२ मधले २.६ दोन्ही टोकांना आणि ४ मीटर मध्ये. रुंदीत १२.२ जातात. भिंतींशी २.४ आणि दोन रांगांमध्ये ३ मीटर राहतात.

आता सगळे खेळ पूर्व-पश्चिम होतात. उत्तर आणि दक्षिण या खऱ्या अर्थानं बाजूच्या भिंती झाल्या, पूर्व आणि पश्चिम टोकाच्या. टोकाच्या भिंतींना एकही खिडकी नाही. त्यांना आतून गडद निळसर हिरवा, अजिबात न चमकणारा रंग, म्हणजे पांढऱ्या फुलाला मागं शांत पडदा मिळतो.

याचा तोटा होता आणि सरांनी तो लगेच दाखवला. एकामागं एक मैदानं आली की एका मैदानाचं फूल मागच्या मैदानात जातं आणि मागं सरकणारा खेळाडू दुसऱ्याच्या पायात येतो. चार मीटर अंतर ठेवण्याचं कारण तेच. शिवाय मध्ये वरून सोडायची जाळी घेतली, जी व्हॉलीबॉलच्या वेळी बाजूला सरकते. एक फायदा मात्र आम्ही न मागता मिळाला. व्हॉलीबॉलचं मैदान हॉलच्या मध्यावर असल्यानं त्याची जाळी त्या चार मीटरच्या पट्ट्यातच येते. खांबांसाठी जमिनीत जी भोकं लागतात ती बॅडमिंटनच्या एकाही मैदानात आली नाहीत. आधीच्या आखणीत खांबाचं एक झाकण बॅडमिंटनच्या सर्व्हिस कोर्टात येत होतं.

प्रत्यक्ष काम

उत्तरेच्या भिंतीत फरशीपासून ५.५ ते ७.३ मीटर उंचीवर, १.८ मीटरची पट्टी. काचेऐवजी दुधी पॉलिकार्बोनेट, कारण व्हॉलीबॉल तिथपर्यंत जातो. वर तीस सेंटिमीटरचं छज्जं. दक्षिणेला खिडक्या घेतल्या नाहीत. हिवाळ्यात दुपारचा सूर्य तिथं ४८ अंशांवर असतो आणि १.८ मीटरची पट्टी झाकायला दीड मीटरहून मोठं छज्जं लागलं असतं.

छताखालच्या इन्सुलेशनची खालची बाजू चंदेरी येणार होती. ती बदलून मंद पांढरी घ्यायला लावली, कारण चंदेरी फॉइलमध्ये प्रत्येक दिव्याचं प्रतिबिंब चमकतं. दिव्यांच्या ओळी लांबीत, बॅडमिंटनच्या मैदानांवर न येता भिंतींशी आणि मधल्या पट्ट्यावर. मधली ओळ व्हॉलीबॉलच्या मात्र अगदी डोक्यावर येते, सेट करणाऱ्याला तीच दिसते. म्हणून ती वेगळ्या बटणावर ठेवली. मोठे छतपंखे घेतले नाहीत. पाच ग्रॅमच्या फुलाला ते सहज ढकलतात.

हॉल नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी सगळं उत्तम चाललं. दुपारी उत्तरेची रांग दिव्यांशिवाय खेळायची आणि दक्षिणेच्या रांगेला अर्धे दिवे लागायचे. अध्यक्ष प्रत्येक पाहुण्याला हॉल दाखवायला न्यायचे.

मे महिना

उन्हाळी शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात सरांचा फोन आला. “मॅडम, संध्याकाळी साडेपाचनंतर उत्तरेच्या रांगेतल्या पूर्वेकडच्या मैदानावर पोरं डोळ्यांवर हात धरून उभी आहेत. तुम्ही तर म्हणाला होतात उत्तरेकडून ऊन येत नाही.”

म्हटलं होतं, हे खरं. उत्तरेचा उजेड म्हणजे बिनउन्हाचा उजेड, हे मी कॉलेजपासून गिरवत आले होते. पण ते वाक्य युरोपातून आलेल्या पुस्तकांमधलं आहे. तिथं सूर्य दुपारी कायम दक्षिणेला असतो आणि उत्तरेच्या भिंतीला फक्त उन्हाळ्यात भल्या पहाटे आणि उशिरा संध्याकाळी ऊन लागतं. आमचं गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर भर दुपारीही तो किंचित उत्तरेलाच असतो. छज्जं मी त्या दुपारच्या सूर्यासाठी दिलं होतं आणि ते त्याच्यापुरतं पुरेसं होतं. संध्याकाळचा हिशेब मात्र मी मांडलाच नव्हता.

तो त्या रात्री मांडला. मेच्या मध्यावर साडेपाचला सूर्य २० अंश वर असतो आणि पश्चिमेपासून सुमारे १४ अंश उत्तरेकडं झुकलेला. म्हणजे किरण उत्तरेच्या भिंतीला जवळजवळ घासत, तिरके आत येतात. खिडकीच्या मध्यापासून खेळाडूच्या डोळ्यापर्यंत ४.८ मीटर खाली उतरेतो किरण भिंतीच्या कडेनं १३ मीटर पुढं गेलेला असतो आणि भिंतीपासून ३ मीटर आत. सहा वाजता सूर्य १३ अंशांवर येतो. तेव्हा तोच किरण भिंतीच्या कडेनं २० मीटर जाऊन ५.६ मीटर आत पोहोचतो. उत्तरेच्या रांगेची मधली रेषा भिंतीपासून ५.४५ मीटरवर आहे. म्हणजे पूर्वेकडच्या मैदानावर पश्चिमेला तोंड करून उभ्या असलेल्या मुलाच्या नेमकं डोळ्यात. दुधी पत्र्यामुळे किरण थोडा विस्कटत होता, पण त्या कोनात अख्खी पट्टीच पेटल्यासारखी दिसायची. मी दुसऱ्या दिवशी त्या मैदानावर उभी राहिले. सहाला पाच मिनिटं होती. समोरून आलेलं फूल मला दिसलं नाही.

दुरुस्ती

पडदे लावायची सूचना आली. पण साडेपाच मीटर उंचीवरचा पडदा रोज कोण ओढणार? एकदा बंद केला की तो बंदच राहणार आणि खिडक्या असून नसल्यासारख्या होणार. त्याऐवजी बाहेरून उभे फिन, म्हणजे भिंतीतून काटकोनात बाहेर आलेल्या उभ्या पट्ट्या, लावले. किरण भिंतीशी कमी कोनात येत असल्यानं उभी आडकाठी त्याला सहज अडवते. सूर्य मावळताना जास्तीत जास्त २५ अंश उत्तरेकडं जातो, तोही जूनमध्ये. ९०० मिलिमीटर अंतरावर ४५० मिलिमीटर खोल फिन लावले की २६ अंशांपर्यंतचा किरण अडतो. तेवढं पुरलं. सकाळचं ऊन याच मापांनी पूर्वेकडून अडतं. छज्जं आणि फिन मिळून वर्षभर थेट ऊन त्या पट्टीवर पडत नाही. फिन मंद राखाडी ठेवले, पांढरे ठेवले असते तर तेच उजळले असते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काम झालं. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मी मुद्दाम सहा वाजता जाऊन पूर्वेच्या मैदानावर उभी राहिले. पट्टी आभाळाएवढी उजळ दिसत होती, पण डोळ्यात काही येत नव्हतं. उजेड थोडा कमी झाला हे खरं. उत्तरेच्या रांगेला आता संध्याकाळी अर्धा तास आधी दिवे लावावे लागतात.

काय वेगळं करता आलं असतं

फिन पहिल्याच टप्प्यात फ्रेमसोबत आले असते तर त्यांचे आधार भिंतीचा पत्रा धरणाऱ्या आडव्या पोलादी पट्ट्यांना, म्हणजे गर्टलाच, कारखान्यात जोडून मिळाले असते. नंतर बसवताना मचाण बांधून, तयार पत्र्याला भोकं पाडून, प्रत्येक भोक सील करावं लागलं. त्यातल्या दोन ठिकाणी पहिल्या पावसात पाणी आलं. सूर्याचा हिशेब एका संध्याकाळचा होता आणि तो मी ऑर्डरच्या आधी करायला हवा होता, गावाच्या अक्षांशावर आणि खेळायच्या वेळांवर. शिबिर मेमध्ये, संध्याकाळी असतं, हे मला सरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

उंचीच्या बाबतीत ऑर्डरवर ‘ईव्ह हाईट ९.५ मी.’ लिहिलं गेलं, ते ठीक. पण शेजारी ‘तयार फरशीपासून राफ्टरच्या तळापर्यंत भिंतीशी किमान ८.३ मी., त्याखाली काहीही टांगायचं नाही’ असंही लिहायला हवं होतं. ते न लिहिल्यामुळे ध्वनिक्षेपकांची ओळ राफ्टरखाली लागली आणि पुन्हा उतरवावी लागली. टोकाच्या गडद भिंतींचंही तसंच झालं. उद्घाटनाच्या वेळी पूर्वेच्या भिंतीवर देणगीदारांचा मोठा पांढरा फलक लागला. तो काढायला कुणाची हिंमत होईना. शेवटी सरांनी अध्यक्षांना रॅकेट देऊन पश्चिमेच्या बाजूला उभं केलं आणि पलीकडून दहा सर्व्हिस केल्या. फलक आता प्रवेशाच्या व्हरांड्यात आहे.

दक्षिणेच्या रांगेचा प्रश्न अजून तसाच आहे. तिथं दिवसा दिव्यांशिवाय नीट खेळता येत नाही. वीज गेली की चारही मैदानांची मुलं उत्तरेच्या दोन मैदानांवर येतात.